बोटांना कळणारी आकृती: भिंगाच्या एका धड्यातून

तुमच्या वर्गात यंदा पूर्ण अंध विद्यार्थी आला आहे, विज्ञान-गणित तुमच्याकडे आहे आणि पुस्तकातल्या आकृत्यांचं काय करायचं हे कळत नाही, असं समजून हे लिहिते आहे. मी फिरती विशेष शिक्षिका आहे. आठवड्यातून एकदा शाळेत जाते, बाकीचे दिवस मूल वर्गशिक्षकांच्याच हाती असतं. म्हणून मी नसताना तुम्हाला जे लागेल तेवढंच इथे सांगते. शेवटी दहावीच्या विज्ञानातला भिंगांचा धडा घेऊन एक आकृती पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवते.

पहिल्या दिवशी एक गोष्ट विचारून घ्या: थोडंतरी दिसतं का? अंधत्वाचा दाखला असलेल्या पुष्कळ मुलांना उजेड, मोठे आकार, ठळक रंग कळतात. अशा मुलाला काळ्या जाड स्केचपेनने पिवळ्या कागदावर काढलेली रेघ दिसत असेल, तर ती वापरा आणि शेजारी उठावाची रेघही द्या. दोन्हीचा उपयोग होतो.

ब्रेल तुम्हाला किती यायला हवं

बोटांनी वाचायचं नाही, डोळ्यांनी वाचता आलं तरी पुरे. दोन-तीन आठवडे रोज अर्धा तास दिलात तर जमतं. एका घरात सहा टिंबं असतात: डाव्या रांगेत वरून खाली एक, दोन, तीन आणि उजव्या रांगेत चार, पाच, सहा. मराठी लिहायला भारती ब्रेल वापरतात. त्यात आपल्या लिपीपेक्षा तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि नवे शिक्षक तिथेच अडखळतात. पहिली म्हणजे मात्रांसाठी निराळी चिन्हं नाहीत, स्वरच लिहायचा. शिवाय पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते, म्हणजे 'कि' हा क आणि मग इ. दुसरी गोष्ट जोडाक्षराची. हलन्ताचं टिंब, म्हणजे चार क्रमांकाचं, आधी येतं आणि मग दोन्ही व्यंजनं. तिसरी गोष्ट गमतीची आहे: 'मऊ' लिहिताना म आणि ऊ मध्ये अ घालावा लागतो, नाहीतर ते 'मू' वाचलं जातं. मुलाच्या वहीत असा जादा अ दिसला तर चूक म्हणून खोडू नका.

स्लेट म्हणजे ब्रेलची घरं पाडलेली पट्टी आणि स्टायलस म्हणजे टोचणी. त्यांनी लिहिताना टिंबं कागदाच्या मागच्या बाजूला उठतात, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि वाचायचं कागद उलटून डावीकडून उजवीकडे. ही आरशासारखी उलटापालट लक्षात ठेवा. पुढे आकृतीच्या वेळी हीच आपल्याला फसवते.

कागद जाड हवा. वहीच्या साध्या पानावर टिंब उठतं, पण चार वेळा बोट फिरलं की बसतं. ब्रेलचा कागद मिळत नसेल तर भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांची जाड पानं चालतात. आमच्याकडे जानेवारीत सगळ्या दुकानदारांकडून ती गोळा करण्याचा कार्यक्रमच असतो.

मूल वाचत असताना बोट बघा. चांगला वाचक बोटाचा मऊ भाग ओळीवरून हलकेच सरळ सरकवत नेतो. उजवं बोट ओळ संपवत असताना डावं पुढची ओळ शोधून ठेवतं. बोट एकाच घरावर वर-खाली घासत असेल किंवा टोक पांढरं पडेपर्यंत दाबत असेल, तर मूल टिंबं मोजत आहे, अक्षर ओळखत नाही. दाबल्याने स्पर्श वाढत नाही, कमी होतो. अशा मुलाला विज्ञानाचा परिच्छेद देण्याआधी ओळखीचे शब्द भरपूर वाचू द्या.

गणित: आधी तुमचं बोलणं सुधारा

आकडे म्हणजे तीन-चार-पाच-सहा या अंकचिन्हापुढे इंग्रजी a ते j ही अक्षरं. हे साध्या मजकुरात. गणितासाठी आपल्याकडे नेमेथ संकेत वापरतात. अब्राहम नेमेथ हे स्वतः अंध असलेले अमेरिकन गणितज्ञ. त्यांचा हा संकेत 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तेच आकडे घराच्या खालच्या भागात उतरतात, त्यामुळे अक्षर आणि अंक यांचा गोंधळ होत नाही. संपूर्ण संकेत तुम्हाला पाठ असायला हवा असं नाही, पण एक तत्त्व समजायला हवं: ब्रेल एका ओळीत चालतं. कागदावर अपूर्णांक वर-खाली दिसतो, ब्रेलमध्ये त्याला सुरुवातीचं चिन्ह, मधली रेघ आणि शेवटचं चिन्ह लागतं.

याचा परिणाम तुमच्या फळ्यासमोरच्या बोलण्यावर होतो. "एक्स अधिक एक भागिले दोन" असं तुम्ही म्हणालात, तर डोळस मुलांना फळ्यावर (x + 1)/2 दिसतं, पण अंध मूल x + 1/2 लिहून मोकळं होतं आणि उत्तर चुकलं की आपण त्याला बीजगणित जमत नाही म्हणतो. म्हणून बोलायचं असं: "अपूर्णांक सुरू, एक्स अधिक एक, भागिले, दोन, अपूर्णांक संपला." सुरुवातीला जीभ अडखळते, नंतर सवय होते. डोळस मुलांचेही कंस यामुळे सुधारतात, हा माझा अनुभव.

आकडेमोडीसाठी टेलर फ्रेम किंवा अबॅकस. टेलर फ्रेममध्ये अष्टकोनी घरांत धातूचे छोटे टाइप आठ दिशांना फिरवून बसवतात आणि दिशेवरून अंक ठरतो. उभी मांडणी राहते, हातचा कळतो, पण टाइप सांडले की तास गेला. अंधांसाठीच्या अबॅकसच्या मण्यांमागे मऊ कापड असतं, त्यामुळे हात लागून मणी घसरत नाहीत. बाजारातला साधा लहान मुलांचा अबॅकस आणू नका, त्यात नेमकी हीच सोय नसते. दोन्ही साधनं मिळतील की नाही हे जिल्ह्याच्या समावेशित शिक्षण विभागात विचारा. अंधांसाठी काम करणारी नॅब ही संस्था आणि देहरादूनची दृष्टिबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था यांच्याकडेही अशी साधनं असतात.

उठावाची आकृती म्हणजे छापील चित्राला फुगवणं नव्हे

मी नवी असताना नेमकं तेच केलं होतं. पुस्तकातली आकृती घेतली, तिच्या प्रत्येक रेघेवर फेव्हिकॉल लावून लोकर चिकटवली, दोन रात्री घालवल्या. मुलीने पाच मिनिटं हात फिरवला आणि म्हणाली, "बाई, हे जाळं आहे का?" ते डोळ्याचं चित्र होतं.

कारण साधं आहे. डोळा आधी संपूर्ण बघतो आणि मग बारकाव्यात शिरतो. बोट एका वेळी बोटाएवढंच बघतं, तुकडे लक्षात ठेवतं आणि डोक्यात जोडतं. त्यामुळे प्रत्येक जादा रेघ म्हणजे लक्षात ठेवायचा एक जादा तुकडा. आकृती करायला बसाल तेव्हा पहिला प्रश्न हा: या आकृतीतून आज नेमकं काय कळायला हवं? जे त्यासाठी लागत नाही ते काढून टाका. सजावट, छाया, रंग, कडेची चौकट, सगळं.

दोन रेघांमध्ये निदान तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, नाहीतर बोटाला ती एकच जाड रेघ वाटते. एका आकृतीत तीन-चारपेक्षा जास्त पोत नकोत आणि ते एकमेकांपासून खरोखर वेगळे हवेत. सुतळी आणि जाड लोकर डोळ्यांना वेगळी दिसते, बोटाला जवळजवळ सारखी. शिवणाचा बारीक दोरा, सुतळी आणि पॉलिश पेपरची पट्टी हे तिन्ही मात्र लगेच वेगळे कळतात. नावांसाठी भरपूर जागा सोडा. ब्रेलचं एक घर जवळपास सहा मिलिमीटर रुंद पडतं आणि ते लहान करता येत नाही. 'प्रकाशीय मध्य' असं पूर्ण लिहाल तर अर्धी आकृती झाकली जाईल. आकृतीवर एक-दोन अक्षरांच्या खुणा लिहा आणि त्यांचे अर्थ वेगळ्या कागदावर द्या. कागदाचा वरचा उजवा कोपरा कापून ठेवा, म्हणजे मुलाला आकृती सरळ धरली आहे की उलटी, हे कोणाला विचारावं लागत नाही.

त्रिमितीय चित्रांचा तर नादच सोडा. कागदावर तिरप्या रेघांनी काढलेला घन आपल्याला खोका वाटतो, कारण लांबचं लहान दिसतं हे डोळ्यांनी शिकलेलं असतं. बोटाला तो एकमेकांत घुसलेल्या दोन चौकोनांचा ढीग वाटतो. घन शिकवायचा तर हातात खोका द्या. कागदावर द्यायचंच असेल तर वरून दिसणारा चौकोन आणि समोरून दिसणारा चौकोन असे दोन वेगवेगळे द्या.

झटपट रेघ काढायची तर शिंप्याचं काटेरी चाक, ट्रेसिंग व्हील, फार उपयोगी. खाली रबराची चटई किंवा जुनी सायकलची ट्यूब कापून पसरा, वर जाड कागद ठेवा आणि चाक फिरवा. टिंबांची रेघ मागे उठते, म्हणून चित्र आधी उलटं करून घ्यावं लागतं. मी एकदा हे विसरून महाराष्ट्राचा नकाशा केला आणि कोकण पूर्वेला गेलं. विद्यार्थ्याने शांतपणे विचारलं, "मग नागपूरला समुद्र आहे का?" ट्रेसिंग पेपरवर आकृती काढून तो पालथा घातला की ही भानगड मिटते.

आता भिंग

दहावीच्या पुस्तकातली बहिर्गोल भिंगाची किरणाकृती घेऊ. पुस्तकात वस्तूच्या वेगवेगळ्या स्थानांसाठी अनेक आकृत्या आहेत. त्या सगळ्या तयार करून देऊ नका. एकच फलक करा, ज्यावर मुलगी स्वतः आकृती काढेल.

पण त्याआधी खरं भिंग हातात द्या. मध्ये जाड, कडेला पातळ हे बोटांनी कळू द्या आणि शेजारी अंतर्गोल भिंग द्या. जन्मापासून अंध मुलाला 'किरण' हा शब्द ऐकून माहीत असतो, पण अनुभव नसतो. खोलीत दिवा लावून, उजेडाप्रमाणे आवाज कमी-जास्त करणारं साधन किंवा मोबाइलवरचं तसं अ‍ॅप हातात द्या. दिव्याच्या आणि साधनाच्या मध्ये पुठ्ठा आला की आवाज पडतो, काढला की चढतो. प्रकाश सरळ येतो आणि अडतो हे तिला तिच्याच हाताने सापडतं. भिंगाने उन्हाचा ठिपका तळहातावर पाडून दाखवण्याचा मोह होईल. तो टाळा, चटका बसतो.

फलकासाठी साधारण 40 सेंटिमीटर लांब थर्माकोलची जाड शीट किंवा सॉफ्टबोर्ड घ्या. मधोमध आडवा शिवणाचा दोरा ताणून चिकटवा, हा मुख्य अक्ष. फलकाच्या मध्यावर, थोडं उजवीकडे सरकून, उभी सुतळी चिकटवा, हे भिंग. दोन्ही जिथे छेदतात तिथे पुशपिन टोचा, तो प्रकाशीय मध्य O. तिथून दोन्ही बाजूंना अक्षावर चार सेंटिमीटरवर एकेक पिन, ही नाभी F1 आणि F2. आठ सेंटिमीटरवर आणखी एकेक, 2F1 आणि 2F2. प्रत्येक पिनजवळ ब्रेल खूण लावा. खुणा अक्षाच्या खाली लावल्या तर उजवीकडे किरणांच्या वाटेत येतात, म्हणून त्या वर लावा. नाभीय अंतर चार सेंटिमीटर घेण्यामागे एवढंच कारण आहे की सगळे आकडे सोपे येतात आणि फलकावर मावतात.

मोजायला लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी घ्या. तिच्या कडेला दर सेंटिमीटरला कानशीने लहान खाच पाडा आणि दर पाचव्याला मोठी.

पहिला प्रयोग असा. वस्तू म्हणजे चार सेंटिमीटर उंचीची पॉलिश पेपरची पट्टी, वरच्या टोकाला बाणासारखी कापलेली. ती मुलीला भिंगापासून डावीकडे बारा सेंटिमीटरवर अक्षावर उभी टाचायला सांगा. वरच्या टोकाला पिन. आता शिवणाचं बारीक इलॅस्टिक घ्या आणि दोन किरण तिलाच ताणू द्या. पहिला किरण वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर भिंगापर्यंत जातो. भिंगाच्या सुतळीवर चार सेंटिमीटर उंचीवर पिन टोचायची, इलॅस्टिक तिथे वळवायचं आणि F2 च्या पिनला चाटून खाली पुढे न्यायचं. दुसरा किरण त्याच टोकापासून O च्या पिनला चाटून सरळ पुढे. दोन्हींची टोकं फलकाच्या उजव्या बाजूला पिनांनी बांधायची.

मग तिला दोन्ही तर्जनी भिंगापासून एकेका दोऱ्यावर ठेवून उजवीकडे सरकवायला सांगा. बोटं जवळ येत जातात आणि एका जागी एकमेकांना भिडतात. तीच प्रतिमा. तिथे पिन टोचून पट्टीने मोजलं की भिंगापासून सुमारे सहा सेंटिमीटर आणि अक्षाच्या खाली दोन सेंटिमीटर येतं. म्हणजे प्रतिमा उलटी आणि वस्तूच्या निम्मी. आता सूत्र काढा: 1/v − 1/u = 1/f. u = −12, f = 4, म्हणून 1/v = 1/4 − 1/12 = 1/6, v = 6. आधी बोट, मग सूत्र, हा क्रम उलटा करू नका. उणे चिन्ह कुठून आलं हे तिला माहीत असतं, कारण वस्तू तिने स्वतः डावीकडे टाचली.

पिनेची जाडी आणि इलॅस्टिकचा ढिलेपणा यामुळे काही मिलिमीटरचा फरक येणारच. तो आला तर आकृती बरोबर आहे. पण उत्तर आठ-नऊ सेंटिमीटर आलं, तर बहुतेक वेळा पहिला किरण अक्षाला समांतर राहिलेला नसतो, भिंगापाशी पिन खाली गेलेली असते. पट्टी आडवी ठेवून दोन टोकांची उंची तपासायला सांगा. आणखी एक अडचण O पाशी येते. तिथे अक्ष, भिंग आणि किरण तिन्ही एकत्र येतात आणि बोटाला गाठ लागते. अक्षाचा दोरा खरोखर बारीक ठेवला आणि किरणांचं इलॅस्टिक अक्षापेक्षा उंच राहिलं तर ही गाठ सुटते.

दुसऱ्या प्रयोगात वस्तू आठ सेंटिमीटरवर. प्रतिमा पलीकडे आठवर, तेवढीच उंच. तिसऱ्यात वस्तू सहावर ठेवायची, पण पट्टी दोनच सेंटिमीटरची, कारण प्रतिमा बारा सेंटिमीटरवर दुप्पट होते आणि मोठी पट्टी फलकाबाहेर जाईल.

आणि मग वस्तू चारवर, म्हणजे नाभीवरच, चार सेंटिमीटरच्याच पट्टीसह. काही न सांगता तिला दोरे ताणू द्या आणि बोटं सरकवू द्या. एका मुलीने फलकाच्या कडेपर्यंत दोनदा जाऊन विचारलं होतं, "बाई, दोरी चुकली का? ही भेटतच नाहीत." तिला दोऱ्यांमधलं अंतर तीन ठिकाणी मोजायला सांगितलं. तिन्हीकडे सारखं. 'प्रतिमा अनंत अंतरावर' हे वाक्य डोळस मुलंही पाठ करतात, तिने ते मोजून काढलं.

शेवटचा प्रयोग नाभीच्या आतला: वस्तू दोन सेंटिमीटरवर, पट्टी दोन सेंटिमीटर उंच. आता भिंगाच्या उजवीकडे बोटं एकमेकांपासून लांब जातात. इथे वेगळा पोत हवा, कारण मागे वाढवलेले किरण खरे नाहीत. बारीक लोकरीचे दोन तुकडे घ्या आणि उजवीकडच्या इलॅस्टिकच्याच सरळ रेषेत ते डावीकडे ताणायला सांगा. ते डावीकडे चार सेंटिमीटरवर, चार सेंटिमीटर उंचीवर भेटतात: सुलटी, दुप्पट, वस्तूच्याच बाजूला. पुस्तकात जिथे तुटक रेघ असते तिथे लोकर, हे एकदा ठरलं की पुढे आरशांच्या धड्यातही तसंच ठेवा. पोतांचा अर्थ प्रत्येक आकृतीत बदलला तर मुलाला दरवेळी नवी लिपी शिकावी लागते.

दाखवताना आणि तपासताना

आकृती देताना आधी तोंडी सांगा: काय आहे, केवढी आहे, कुठून सुरू होते. मग दोन्ही हातांनी सगळ्या कागदावरून एकदा फिरू द्या आणि नंतर एकेक भाग. मुलाचं मनगट धरून बोट रेघेवर ओढत नेऊ नका. दाखवायचंच असेल तर तुमचा हात खाली ठेवा आणि त्याचा हात वर, म्हणजे हवा तेव्हा तो काढून घेऊ शकतो.

आकृती जमली की नाही हे स्वतः डोळे मिटून तपासण्यात अर्थ नाही. चित्र तुम्हाला आधीच माहीत असतं, त्यामुळे बोटाला जे कळत नाही तेही तुम्ही मनात भरून घेता. मुलाला विचारा, पण "कळलं का?" असं नको. त्याला मुलं हो म्हणतात. "हे काय काय आहे ते मला सांग" म्हणा आणि त्याच्या वर्णनावरून कागदावर काढत जा. तुमच्या कागदावर जे उमटेल तेच त्या आकृतीने त्याला सांगितलं आहे. ते चुकीचं असेल तर आधी आकृतीतली एखादी रेघ कमी करून बघा.

फलक एकावर एक रचून ठेवले की सुतळ्या दबतात आणि ब्रेल खुणा बसतात. ते पुस्तकांसारखे उभे ठेवा आणि कपाटाच्या बाहेरच्या बाजूला त्या धड्याचं नाव ब्रेलमध्येही लावा, म्हणजे पुढच्या वेळी फलक काढायला मुलगी स्वतः जाईल.